चार पानांची तक्रार आणि गोधडीची मजुरी

प्रश्न: मुलीचं बाळंतपण लंडनला झालं. बारशासाठी आम्ही दोघं ३ जूनला मुंबईहून निघालो, मध्ये आखातात विमान बदललं. दोनपैकी एक बॅग पोचलीच नाही, आजतागायत नाही. परत आल्यावर २० जुलैला मी कंपनीला चार पानी ईमेल केला, सगळं मनापासून लिहिलं आणि पाच लाख रुपये मागितले. उत्तर आलं दोन ओळींचं: दिलगीर आहोत, वजनाप्रमाणे ४२० डॉलर देऊ, सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा. मुलगी म्हणते, आई, तू इतकं लांब लिहिलंस की कुणी वाचलंच नसणार. जावई म्हणतात, सरळ कोर्टात जा. ईमेलची प्रत सोबत जोडते आहे. हे लहान कसं करू? मला तर त्यातलं सगळंच महत्त्वाचं वाटतं.
— एक नवी आजी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर:

ताई, आधी त्या फॉर्मवर सही करू नका. पाठवला असेल तर आजच कळवा. अशा फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात बहुधा एक वाक्य असतं, की ही रक्कम मिळाल्यावर माझी कंपनीकडे आणखी कोणतीही मागणी उरणार नाही. एकदा ते मान्य केलं की मग मी काय आणि जावई काय, कुणाचाच फार उपयोग नाही.

आता पत्राकडे वळू. मी दोनदा वाचलं. वाचायला छान आहे, खरंच. कसाऱ्याच्या घाटातला ट्रॅफिक जाम, आखातातल्या विमानतळावर सापडलेलं मराठी कुटुंब, पट्टा फिरून फिरून रिकामा झाला तेव्हा यजमानांचा उतरलेला चेहरा, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. अडचण एवढीच, की हे सगळं लिहून तुम्ही कंपनीची चूक सिद्ध करायला निघालात, आणि ती सिद्ध करायची तुम्हाला गरजच नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण काय कापायचं त्याचं उत्तर यातच आहे. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या सामानाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला आणि आपल्या १९७२च्या कॅरेज बाय एअर कायद्यात तो तिसरी अनुसूची म्हणून आला. त्यात असं आहे, की काउंटरवर जमा केलेली बॅग कंपनीच्या ताब्यात असताना हरवली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची. कुणी हलगर्जीपणा केला, कोणता कामगार विसरला, बेल्ट बंद पडला का, हे विचारायचंच नाही. बॅगेतल्या वस्तूंच्याच दोषामुळे नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण अख्खी बॅग गायब झाल्यावर तो मुद्दा येत नाही. म्हणजे काउंटरवरची मुलगी तुमच्याशी उद्धटपणे बोलली की गोड बोलली, याने तुमच्या हक्कात एका रुपयाचाही फरक पडत नाही.

मग सिद्ध काय करायचं? बॅग दिली. बॅग आली नाही. हे त्यांना वेळेत सांगितलं. वाट पाहण्याची मुदत संपली. आत अमुक किमतीचं सामान होतं. बस, एवढंच. तुमच्या चार पानांतलं जे वाक्य या पाचापैकी एकालाही हातभार लावत नाही, ते काढायचं. मी स्वतः विमा कंपनीच्या दाव्यांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून पलीकडच्या माणसाचं सांगतो. तो दुष्ट नसतो. त्याच्यासमोर फाइलमधले काही रकाने असतात: टॅग नंबर, नोंद क्रमांक, तारीख, वस्तू, रक्कम. ते भरता आले तर फाइल पुढे सरकते. नाही आले, तर हाताशी असलेलं ठरावीक उत्तर जातं. तुम्हाला आलं ते तेच आहे.

तुमच्याच पत्रातला एक परिच्छेद घेऊ. तुम्ही लिहिलं आहे:

"आम्ही रात्री नऊलाच नाशिकहून निघालो, कारण पावसाचा भरवसा नसतो. तरी कसाऱ्याला दीड तास अडकलो. पोचलो तेव्हा माझा जीव घाबरा झाला होता. काउंटरवरच्या मुलीने वर बघितलंसुद्धा नाही. मी तिला तीनदा सांगितलं की निळ्या बॅगेला लाल रिबीन बांधली आहे, तिच्यावर नीट लक्ष ठेवा, आत बाळाच्या गोष्टी आहेत. तिने नुसतं हं केलं आणि स्टिकर लावला. वजन एकवीस किलो भरलं. तेव्हाच मला वाटलं होतं, काहीतरी होणार."

यातून काय उरतं? निळी बॅग, लाल रिबीन, स्टिकर, एकवीस किलो. पहिल्या दोन गोष्टी बॅगेच्या वर्णनात जातील. स्टिकर म्हणजे टॅग, आणि त्याचा नंबर तुमच्या चार पानांत कुठेही नाही! नेमकी हीच गोष्ट राहून गेली. तो दहा आकडी नंबर बोर्डिंग पासच्या मागे किंवा पासपोर्टच्या कव्हरवर चिकटवलेल्या छोट्या पावतीवर असतो. शोधा. ड्रॉवरमध्ये, पर्सच्या आतल्या कप्प्यात, यजमानांच्या पासपोर्टमध्ये. "तेव्हाच मला वाटलं होतं" हे वाक्य मात्र आधी खोडा. बॅगेत जपण्यासारखं काही आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं आणि तरी ते विमानाच्या पोटात टाकलंत, असा त्याचा अर्थ काढता येतो.

दुसरी राहून गेलेली गोष्ट म्हणजे लंडनच्या विमानतळावर तुम्ही भरून दिलेला कागद. त्याला पीआयआर म्हणतात, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद. त्यावर तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची आणि पुढे पाच आकडे असा क्रमांक असतो. पत्रात तुम्ही "आम्ही तिथे फॉर्म भरला" एवढंच म्हटलं आहे. जगभरच्या बहुतेक कंपन्या हरवलेल्या बॅगा वर्ल्डट्रेसर नावाच्या यंत्रणेत याच क्रमांकाने शोधतात. हा क्रमांक नसेल तर तुमचा ईमेल आणि तुमची फाइल एकमेकांना भेटतच नाहीत. मुलीच्या मोबाइलमध्ये त्या कागदाचा फोटो नक्की असेल, तिला विचारा. तो क्रमांक ईमेलच्या विषयाच्या ओळीत सगळ्यात आधी टाका.

आता तारखांबद्दल. तुम्ही लिहिलंत, "आम्ही महिनाभर रोज फोन करत होतो." खरं असेल, पण ज्याला तारीख नाही असं वाक्य त्या टेबलावर वाऱ्यावर उडून जातं. आणि तुमच्या प्रकरणात एक तारीख बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे, तीच पत्रात नाही: २४ जून. बॅग ज्या दिवशी पोचायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस संपले आणि ती आली नाही, की करारानुसार ती हरवली असं धरून हक्क मागता येतो. कंपनीने "हरवली" हा शब्द तोंडातून काढायची वाट बघायची गरज नाही. ३ जूनला २१ दिवस मिळवले की २४ जून. तोपर्यंत तुमचं प्रकरण उशिराचं होतं, आणि उशिरात कंपनीला "आम्ही शक्य ते सगळं केलं" असा बचाव घेता येतो. २५ जूनपासून ते हरवल्याचं झालं आणि हा बचाव संपला. म्हणून नव्या पत्रातल्या तारखांच्या तक्त्यात ही तारीख वेगळ्या ओळीवर हवी.

फोनचं काय करायचं? दोनच ठेवा. १२ जूनला कुणीतरी सांगितलं की बॅग आखातात सापडली आहे आणि पुढच्या विमानाने येते आहे. त्याच संध्याकाळी मुलीने त्याबद्दल ईमेल केला, म्हणजे पुरावा आहे. आणि २६ जूनचा फोन, ज्यात शोध चालू आहे असं सांगितलं, त्याचाही मेसेज आला आहे. बाकी अठरा फोन गेले. वाईट वाटेल, पण वीस फोनांपेक्षा लेखी पुरावा असलेले दोन फोन जास्त वजनदार असतात.

पैशांकडे येतो, कारण तिथे तुमची आणि कंपनीची, दोघांचीही चूक आहे.

कंपनीने किलोला वीस डॉलरप्रमाणे २१ किलोचे ४२० डॉलर काढले. हे माप १९२९च्या जुन्या वॉर्सा कराराचं, वजनावर पैसे मोजण्याच्या काळातलं. माँट्रियलमध्ये प्रवाशाच्या जमा केलेल्या सामानाला वजनाचा हिशेब नाही. माणशी एक कमाल मर्यादा आहे आणि तिच्या आत तुमचं जे खरं नुकसान झालं तेवढं. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर नावाच्या हिशेबी चलनात सांगितलेली असते. सुरुवातीला ती १,००० होती, मग १,१३१, मग १,२८८ झाली, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ आहे. एसडीआरचा भाव रोज बदलतो. तुमच्या प्रवासाच्या वेळचा धरला तर रुपयांत ही मर्यादा साधारण पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. तुमचं तिकीट मुंबई ते लंडन आणि परत मुंबई असं एकत्र होतं, त्यामुळे माँट्रियल लागू होण्याबद्दल वाद नको. कंपनीच्या पुढच्या उत्तरात जुना आकडा दिसला तर प्रवासाची तारीख दाखवून द्या. (देशांतर्गत प्रवासाला हे सगळं लागू नाही. उद्या ओझरहून दिल्लीला जाताना बॅग गेली तर मर्यादा माणशी २० हजार रुपये. शेजारीपाजारी सल्ला देताना हा फरक लक्षात ठेवा.)

तुमची चूक म्हणजे पाच लाख. त्यात "मनस्तापाचे तीन लाख" आहेत. मनस्ताप झाला नाही असं मी म्हणत नाही. पण दावा विभागाला तो मोजायला फूटपट्टी नाही, आणि एवढा मोठा गोल आकडा दिसला की बाकीचे आकडेही हवेतले वाटायला लागतात. पुढे कधी ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर तो मुद्दा तिथे वकिलाशी बोलून मांडा. या पत्रात नको. उलट कुणीतरी सुचवेल की कमालच मागून टाका, पावणेदोन लाख. तेही नको. ती फक्त वरची मर्यादा आहे, तेवढे पैसे आपोआप मिळत नाहीत.

तर खरा आकडा काढू. पत्रातल्या यादीवरून आणि फोनवर तुम्ही सांगितलेल्या बिलांवरून मी असा हिशेब केला आहे. नव्या वस्तूला पूर्ण किंमत, वापरलेल्याला वर्षांप्रमाणे कमी. हे स्वतःहून कमी करणं तुम्हाला जिवावर येईल, पण नाही केलं तर ते करतील, आणि त्यांच्या हातातली कात्री मोठी असते. येवल्याची पैठणी मेमध्येच घेतली, बिल आहे, २४,५०० पूर्ण. यजमानांचा सूट २०२२चा, १४,०००चा, ८,००० मागा. चार साड्या आणि सहा ड्रेस मिळून २१,०००चे, दोन वर्षं वापरलेले, १३,०००. बाळाची झबली, टोपडी, दुपटी नवी, ७,३००. बॅग स्वतः डिसेंबर २०२३ची, ६,२००ची, ४,५००. बूट-चपला ५,४००च्या, त्याचे ३,२००. मसाले, पापड, कुरडया आणि चिवडा ३,१००.

आणि गोधड्या. तुमच्या पत्राचं अख्खं तिसरं पान त्या दोन गोधड्यांवर आहे. आईच्या लुगड्यांच्या, म्हणजे बाळाच्या पणजीच्या. ते पान मी कापायला सांगतो आहे आणि सांगताना मला बरं वाटत नाही. पण भरपाई वस्तूच्या बाजारभावाची मिळते, आणि जुन्या लुगड्याला बाजारभाव नसतो. तुम्ही त्यांची किंमत पन्नास हजार लिहिली आहे. तो आकडा वाचून दावा तपासणारा उरलेल्या यादीवरही संशय घेईल. शिवणाऱ्या बाईंना तुम्ही १,८०० रुपये दिलेत, ऑनलाइन दिल्यामुळे नोंदही आहे. तेवढे लिहा. "हाताने शिवलेल्या बाळाच्या गोधड्या, दोन, शिलाईची मजुरी." ते तिसरं पान फेकू नका मात्र. वेगळं काढून ठेवा, ते बाळासाठी आहे.

चांदीच्या वाळ्यांचं वेगळं सांगतो. दागिने, रोकड, मौल्यवान वस्तू पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नका, असं जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं आणि तेच कारण देऊन ते नकार देतात. कायद्यात त्यावर वाद घालता येतो, पण ९,८०० रुपयांसाठी बाकीची मागणी वर्षभर लोंबकळत ठेवावी का? मी तुमच्या जागी असतो तर ते यादीत घातले नसते. निर्णय तुमचा. घातलेत तर शेवटी, वेगळ्या ओळीवर, बिलासह आणि बेरजेच्या बाहेर ठेवा, म्हणजे नकार आला तरी तो तेवढ्याच ओळीला लागेल.

राहिली लंडनमधली खरेदी. तुम्ही पहिल्या आठवड्यात स्वेटर, आतले कपडे, टूथब्रश वगैरे घेतलं, एकूण १४२ पौंड ६० पेन्स. ही हरवलेल्या वस्तूंपासून वेगळी मांडा. कंपनी म्हणू शकते, कपड्यांचे पैसे दोनदा मागताय. त्याचं उत्तर तारखांमध्येच आहे: पावत्या ४ ते ९ जूनच्या आहेत, तेव्हा बॅग येणार असंच तेही सांगत होते आणि तुम्ही उन्हाळ्यातल्या नाशिकच्या सुती साड्यांवर लंडनमध्ये होता. रुपयांत किती गेले ते कार्डाच्या स्टेटमेंटवर आहे, १६,८७०. स्वतः गुणाकार करून भाव लावू नका, बँकेने कापलेला आकडा द्या. मुलीसाठी घेतलेली फुलं त्या पावतीत आहेत का, तेवढं बघा. असतील तर वजा करा. तसली एक ओळ सापडली की सगळ्या पावत्या पुन्हा तपासल्या जातात.

आता मसुदा. मराठीतच आधी पक्का करा, मग मुलगी इंग्रजी करेल. वाक्यं मुद्दाम इतकी साधी ठेवली आहेत की भाषांतरात काही सांडणार नाही. XX आणि ठिपक्यांच्या जागी तुमचे तपशील भरा.

> विषय: LHRXX….. – हरवलेली बॅग – ८२,२७० रुपयांची मागणी
>
> प्रवासी: दोघांची नावं तिकिटावर आहेत तशी. बुकिंग क्रमांक: …… बॅग टॅग: ……….
>
> बॅग: निळी, कडक कवचाची, मोठी, हँडलला लाल रिबीन, २१ किलो.
>
> ३ जून २०२५ – मुंबई विमानतळावर बॅग जमा केली. टॅगची पावती जोडली आहे.
>
> ३ जून २०२५ – लंडनला पोचलो. बॅग आली नाही. विमानतळ सोडण्याआधी पीआयआर नोंदवला. प्रत जोडली आहे.
>
> ४ ते ९ जून २०२५ – गरजेच्या वस्तूंची खरेदी, १६,८७० रुपये. पावत्या आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडलं आहे.
>
> १२ जून २०२५ – बॅग सापडली असून येत आहे, असं तुमच्या कार्यालयाने फोनवर सांगितलं. त्याच दिवशीचा आमचा ईमेल जोडला आहे. बॅग आली नाही.
>
> २४ जून २०२५ – २१ दिवस पूर्ण. माँट्रियल कराराच्या कलम १७(३) प्रमाणे बॅग हरवली आहे.
>
> २६ जून २०२५ – शोध चालू असल्याचा तुमचा मेसेज. जोडला आहे.
>
> २० जुलै २०२५ – आमची पहिली लेखी तक्रार. हे पत्र तिच्या जागी वाचावं.
>
> २ ऑगस्ट २०२५ – वजनावर आधारित ४२० डॉलरचा तुमचा प्रस्ताव. माँट्रियल करारात वजनावर आधारित मर्यादा नाही, म्हणून तो आम्हाला मान्य नाही.
>
> मागणी: बॅगेतल्या वस्तू आणि बॅग, सोबतच्या यादीप्रमाणे: ६५,४०० रुपये. ४ ते ९ जूनची खरेदी: १६,८७० रुपये. एकूण ८२,२७० रुपये. ही रक्कम कलम २२ मधल्या मर्यादेच्या आत आहे.
>
> कृपया ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत रक्कम द्यावी किंवा यादीतली कोणती वस्तू कोणत्या कारणाने नाकारली ते लेखी कळवावं.

एवढंच. "कृपया" दोनदा लिहू नका आणि "अन्यथा कायदेशीर कारवाई" लिहूच नका. त्या वाक्याने फाइल कधीकधी दावा विभागातून उचलून विधी विभागात जाते आणि तिथे महिने जातात. शेवटची ओळ मात्र कापू नका. नकार द्यायचा तर वस्तुवार द्या, असं विचारलं की सरसकट नाही म्हणणं अवघड होतं, आणि ज्या ओळींवर वाद नाही तेवढे पैसे तरी सुटतात.

वस्तूंची यादी वेगळ्या पानावर द्या: वस्तू, कधी घेतली, तेव्हाची किंमत, आता मागणी, पुरावा. बिल नसेल तिथे खोटं बिल बनवायच्या भानगडीत कुणाच्या सांगण्यावरूनही पडू नका. बिल नाही असं लिहा आणि कार्डाची नोंद किंवा फोटो द्या. निघायच्या आदल्या रात्री मुलीला दाखवायला तुम्ही उघड्या बॅगेचा व्हिडिओ कॉल केला होता म्हणे. त्याचा एखादा स्क्रीनशॉट तिच्याकडे असेल तर तो दहा बिलांच्या तोडीचा आहे. बारशाचे फोटो नकोत.

आणखी एक. तिकीट काढताना एजंटाने प्रवास विमा दिला होता का, ते बघा. असेल तर त्यांच्या मुदती वेगळ्या आणि बऱ्याचदा फार छोट्या असतात, म्हणून आजच फोन करा. त्यांना विमान कंपनीकडून बॅग हरवल्याचं लेखी पत्र लागतं. एकाच पैठणीचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत, पण एकाने कमी दिले तर उरलेले दुसऱ्याकडे मागता येतात का, ते पॉलिसी वाचून ठरवा.

हे पत्र कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा आणि त्यांच्या वेबसाइटवर भारतासाठी नोडल अधिकाऱ्याचा ईमेल दिला असेल तर त्यालाही. सप्टेंबर कोरडा गेला तर हाच मजकूर, एक शब्द न वाढवता, केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. तिथल्या चौकटीत चार पानं मावलीही नसती. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. जावईबापूंचं कोर्ट म्हणजे आपल्याकडे जिल्हा ग्राहक आयोग. दाव्याची मुदत तुम्ही लंडनला पोचलात त्या दिवसापासून दोन वर्षं, म्हणजे ३ जून २०२७. ती कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून थांबत नाही, तेव्हा "बघू, करू" असं उत्तर वारंवार यायला लागलं तर २०२७ उजाडायच्या आत वकिलाला भेटा. तेव्हाही हाच तारखांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा, तक्रारीचा अर्धा मसुदा त्यातच तयार आहे.

टॅगची पावती सापडली की कळवा. यजमानांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये आधी बघा.